शुक्रवारचा बंद भाव

दर आठवड्याला मी निफ्टीवर, म्हणजे पन्नास मोठ्या शेअर्सच्या निर्देशांकावर, अर्धं पान लिहिते. वाचणारी माणसं आठ-दहा, सगळी जुन्या बडोद्यातली: दांडिया बाजार, रावपुरा, कुणी प्रतापनगरकडचं. रविवारी सकाळी आमच्या घरी जमतात, चहा होतो, पान वाचलं जातं, आणि मग त्या पानापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यावर वाद चालतो. बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, शाळेत गणित शिकवणाऱ्या ताई आहेत, इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारे एक भाऊ आहेत, आणि ऐंशीच्या घरातले नाना आहेत. बडोद्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं, सयाजीगंजात. ते २०१५ मध्ये सेबीच्या, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, परवानगीने गुंडाळलं गेलं, पण नाना अजून त्याला ‘आपलं एक्स्चेंज’ म्हणतात, जणू उद्या सकाळी उघडणार आहे.

पानात कुठल्याही कंपनीचं नाव नसतं. ‘अमुक घ्या, तमुक विका’ हे मी करत नाही. मोबदला घेऊन असे सल्ले द्यायचे तर सेबीकडे नोंदणी लागते, आणि फुकट दिले तरी कुणाचे पैसे बुडाले की नाती बुडतात. पैसे एकत्र करून गुंतवायचे नाहीत, हाही पहिल्या दिवसापासूनचा नियम. प्रत्येकाचा फोलिओ प्रत्येकाकडे. आम्ही फक्त निर्देशांकाबद्दल बोलतो, कारण सगळ्यांचे पैसे निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतलेच शेअर घेऊन बसणाऱ्या फंडात, आहेत.

मग निर्देशांक वर जाणार की खाली, या मताचा उपयोग काय? एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, तर चालूच असते, तिला कुणी हात लावत नाही. प्रश्न असतो एकरकमी पैशाचा. काकांची ग्रॅच्युइटी आली, भाऊंनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, असा पैसा एका दिवशी बाजारात टाकायची छाती होत नाही. तो लिक्विड फंडात, जिथे चढउतार फार नसतो, ठेवायचा आणि दर आठवड्याला थोडा थोडा इंडेक्स फंडात सरकवायचा. माझ्या पानाने ठरतं ते एवढंच: हे साप्ताहिक हप्ते चालू ठेवायचे की थांबवायचे. मताला दोनच अवस्था आहेत, ‘चालू’ आणि ‘थांबा’. विकण्याचा प्रश्न येत नाही.

पानावर पाच ओळी असतात. गेल्या आठवड्याचा बंद भाव. खालची रेषा. वरची रेषा. काय झालं तर मत बदलेल. आणि पाचवी ओळ, जिच्यावरून सगळ्यात जास्त खटके उडतात: काय झालं तरी मत बदलणार नाही.

रेषा काढायची पद्धत साधी ठेवली आहे. मत ‘चालू’ असेल तर खालची रेषा म्हणजे अलीकडच्या घसरणीचा तळ, ज्याच्यानंतर बाजार सावरला तो. वरची रेषा म्हणजे अलीकडची सर्वांत उंच जागा. आठवडा वरच्या रेषेच्या वर बंद झाला, तर मधल्या घसरणीचा तळ ही नवी खालची रेषा. आठवडा खालच्या रेषेच्या खाली बंद झाला, तर हप्ते थांबवायचे. थांबल्यावर परत सुरू कधी? घसरणीच्या आधीची किंवा मधली जी शेवटची उसळी, तिच्या माथ्याच्या वर आठवडा बंद झाला की. असल्या जुन्या तळाला नि माथ्याला काही दैवी शक्ती नसते. तिथे पूर्वी पुष्कळ लोकांनी खरेदी किंवा विक्री केलेली असते आणि तो आकडा त्यांच्या लक्षात असतो, इतकंच. २२,०००, २३,००० असे गोल आकडे मी घेत नाही. तिथे ऑप्शनवाल्यांची, म्हणजे पुढच्या भावावर ठरावीक मुदतीचे सौदे करणाऱ्यांची, गर्दी असते, ती मुदत संपली, एक्स्पायरी झाली, की पांगते.

यातला कळीचा शब्द ‘आठवडा बंद झाला’ हा. दिवसात शिवून आला, एक दिवस खाली बंद झाला, हे धरायचं नाही. शेवटच्या कामकाजाच्या दिवशी साडेतीनला जो बंद भाव लागतो तोच. हा बंद भाव म्हणजे अगदी शेवटचा सौदा असंही नाही. निफ्टीतल्या पन्नास शेअर्सच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी काढून त्यावरून तो निघतो. म्हणजे शेवटच्या मिनिटाला कुणी धक्का दिला तरी तो फार हलत नाही. हा नियम का ठेवला ते एका आठवड्याच्या हिशेबातून नीट दिसतं, म्हणून तो आठवडा सांगते.

जून २०२४ चा पहिला आठवडा. शुक्रवारी, ३१ मे रोजी निफ्टी २२,५३० वर बंद झाला होता. शनिवारी मतदानाचा शेवटचा टप्पा संपला आणि संध्याकाळी एक्झिट पोल आले. सगळ्यांचा सूर एकच, सत्ताधारी आघाडीला भरघोस बहुमत. रविवारी पान वाचायच्या आधीच भाऊ म्हणाले, ‘‘उद्या गॅप-अप. सगळे पैसे एकदम टाकून देऊ या ना?’’ काका पेपरातली घडी उलगडत म्हणाले, ‘‘आधी पान तर वाचू दे तिला.’’

त्या पानावर असं होतं. बंद भाव २२,५३०. खालची रेषा २१,८२१, हा १३ मेचा तळ. वरची रेषा २३,११०, हा २७ मेचा उच्चांक, तोवरचा विक्रमी. मत: चालू. आठवडा २१,८२१ च्या खाली बंद झाला तर हप्ते थांबवायचे. काय झालं तरी मत बदलणार नाही: एक्झिट पोल, निकालाच्या दिवशीची उडी किंवा आपटी, आणि परदेशी संस्थांच्या एका दिवसाच्या खरेदी-विक्रीचा आकडा.

खाली पेन्सिलीने एक हिशेब होता. इंडिया व्हीआयएक्स तेव्हा साडेचोवीसच्या आसपास होता. बाजार किती हलेल याच्या अंदाजाचा हा आकडा ऑप्शनच्या किमतींवरून काढतात आणि तो वर्षाच्या मापात असतो. आठवड्याचा अंदाज हवा असेल तर वर्षात ५२ आठवडे म्हणून त्याला ५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ७.२ ने भागायचं. साडेचोवीस भागिले ७.२ म्हणजे ३.४ टक्के. २२,५३० चे ३.४ टक्के म्हणजे सुमारे ७७० पॉइंट. थोडक्यात, पुढचा आठवडा २१,७६० ते २३,३०० या पट्ट्यात कुठेही बंद झाला तरी बाजाराला त्यात फार आश्चर्य वाटणार नाही, असं ऑप्शनचा बाजार आपणहून सांगत होता. तीनपैकी साधारण दोन आठवडे या पट्ट्यात मावतात, तिसरा बाहेर जातो. एरवी व्हीआयएक्स १३-१४ असला की हा पट्टा जवळपास निम्मा होतो. पट्टा एवढा रुंद असताना आमच्या दोन्ही रेषा त्याच्या आत होत्या. याचा अर्थ असा की त्या आठवड्यात दोन्ही रेषा ओलांडल्या जाणं हे अगदी सहज घडण्यासारखं होतं, आणि म्हणूनच ‘ओलांडली’ म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवून ठेवणं भाग होतं. ताईंना हा हिशेब फार आवडला. त्यांनी तो दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात फळ्यावर घेतला म्हणे, वर्गमूळ कुठे उपयोगी पडतं ते दाखवायला.

सोमवारी, ३ जूनला बाजार उघडलाच २३,३३७ ला. दिवसाअखेर २३,२६३. सव्वातीन टक्के वर, आणि आमच्या वरच्या रेषेच्याही वर. भाऊंचा दुपारीच फोन. मी म्हटलं, आज सोमवार आहे.

मंगळवारी मतमोजणी. सकाळी दहा-साडेदहापर्यंत चित्र पालटलं होतं. भाजपला एकट्याला २७२ गाठता येणार नाही हे स्पष्ट होत गेलं (शेवटी २४० आल्या, आघाडीच्या मिळून २९३), आणि निफ्टी दुपारी २१,२८१ पर्यंत खाली आला. आदल्या दिवशीच्या बंद भावाहून जवळपास दोन हजार पॉइंट खाली. सरकारी बँका, सरकारी कंपन्या, पायाभूत सुविधांवर अवलंबून असलेले शेअर यांची दाणादाण उडाली. त्याच दिवशी हिंदुस्थान युनिलिव्हर, ब्रिटानिया, नेस्ले हे मात्र चक्क वर होते. साबण आणि बिस्किटं कुणाचंही सरकार आलं तरी खपणार, असा बाजाराचा हिशेब. हे मला त्या दिवशी फार महत्त्वाचं वाटलं होतं. सगळा बाजार सोडून लोक पळत असते तर साबणवालेही पडले असते. इथे पैसा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता.

दुपारी काकांचा फोन. आवाज शांत, पण ते शांत असले की समजायचं. ‘‘अगं, खालची रेषा तुटली. पाचशे पॉइंट खाली आहे. हप्ता थांबवायला सांगू का सगळ्यांना?’’ मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही आत्ता थांबवलात तरी कुठला भाव मिळणार आहे?’’

आमच्यासारख्यांनी डोक्यात पक्कं ठेवायचं ते हेच. इंडेक्स फंडाची एनएव्ही, म्हणजे त्याच्या एका युनिटचा भाव, दिवसाच्या बंद भावांवरून निघते. दुपारी पडद्यावर २१,२८१ दिसतंय, पण त्या भावाने फंडात ना कुणाला घेता येतं ना कुणाला बाहेर पडता येतं. त्याच दिवसाची एनएव्ही हवी असेल तर दुपारी तीनच्या आत पैसे फंडाकडे पोचलेले असावे लागतात, आणि लिक्विडमधून निघून इंडेक्स फंडात पोचेपर्यंत आमच्या पैशाला दुसरा दिवस उजाडतो. ज्याच्याकडे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, आहे त्याला दिवसात सौदा करता येतो, पण त्या दिवशीसारख्या पळापळीत ईटीएफचा भाव त्याच्या खऱ्या मूल्यापासून किती फटकून चालला आहे हे आधी तपासावं लागतं. तेव्हा दिवसातले आकडे आमच्यासाठी बातमी आहेत, भाव नाहीत. बंद भावाचा नियम यामुळे आला. काहींना वाटतं मी चार्टची पुस्तकं वाचून तो आणला.

साडेतीनला निफ्टी बंद झाला २१,८८४ वर. सहा टक्क्यांना थोडा कमी, एका दिवसात १,३७९ पॉइंट. परदेशी संस्थांची त्या दिवसाची निव्वळ विक्री बारा हजार कोटींच्या वर. आणि आमची खालची रेषा २१,८२१. दिवसात पार मोडून गेलेली रेषा बंद भावाने ६३ पॉइंटांनी वाचली होती. नशीब म्हणा. ६३ पॉइंट खाली बंद झाला असता तरी आम्ही काही केलं नसतं, कारण मंगळवार होता.

बुधवारी तेलुगू देसम आणि जनता दल (युनायटेड) यांनी पाठिंब्याची पत्रं दिली आणि निफ्टी २२,६२० ला आला. गुरुवारी २२,८२१. शुक्रवारी सकाळी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवर तसाच ठेवला, वाढीचा अंदाज ७ वरून ७.२ टक्के केला, आणि आठवडा बंद झाला २३,२९० वर. वरच्या रेषेच्या वर, आणि पेन्सिलीने काढलेल्या २३,३०० च्या पट्ट्याच्या काठावर, पण आत. साप्ताहिक चार्टवर त्या आठवड्याची मेणबत्ती बघण्यासारखी आहे: वर एवढासा देह आणि खाली दोन हजार पॉइंटांची शेपटी. ज्याने फक्त शुक्रवार ते शुक्रवार आकडे पाहिले, त्याला तीन टक्क्यांनी वर गेलेला एक चांगला आठवडा दिसला.

पुढच्या रविवारी मात्र वाद झाला, आणि तो बरोबर होता. नियमाप्रमाणे नवी खालची रेषा म्हणजे मधल्या घसरणीचा तळ, म्हणजे २१,२८१. ताई म्हणाल्या, ‘‘बाजार वर गेला आणि तुझी रेषा खाली आली? हे कसलं?’’ खरंच, २१,८२१ वरून ती ५४० पॉइंट खाली सरकली होती आणि बंद भावापासून दोन हजार पॉइंट दूर होती. अशी रेषा असून नसल्यासारखी. काकांचं म्हणणं पडलं की घबराटीच्या दिवसाचा तळ धरूच नये, बंद भाव धरावा. माझं म्हणणं, एकदा सोयीप्रमाणे मापपट्टी बदलली की दर वेळी बदलावीशी वाटते. शेवटी रेषा २१,२८१ च राहिली. ताईंनी त्यांच्या हप्त्याची रक्कम तेवढी कमी केली. तो त्यांचा अधिकार, आणि रेषा दूर गेली की हप्ता लहान करायचा, हे मला मनातून पटलंही. पुढे बाजार चढत गेला आणि ५ ऑगस्टला जपानच्या येनवरून जगभर जी पडझड झाली, तिच्यानंतर रेषा २३,८९३ वर आली. तोवर तो प्रश्न आपोआप मिटला.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, पद्धत फारच गुणी आहे. तर आता त्याच पद्धतीचा हिवाळा.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात साडेचार टक्क्यांनी खाली आला. चीनने मोठं प्रोत्साहन जाहीर केलं होतं, परदेशी पैसा तिकडे निघाला होता. आमची खालची रेषा २३,८९३. ऑक्टोबर गेला, दिवाळी झाली, मुहूर्ताच्या सौद्यांना नाना नेहमीप्रमाणे नवा सदरा घालून टीव्हीपुढे बसले. १४ नोव्हेंबरला निफ्टी २३,५३२ वर बंद झाला. तो गुरुवार होता, पण शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी, त्यामुळे आठवड्याचा शेवटचा भाव तोच. रेषा तुटली, बंद भावाने तुटली, मत ‘थांबा’. कुणी काही बोललं नाही. दीड महिना बाजार खाली येत होता, सगळ्यांना ते मनातून हवंच होतं.

२१ नोव्हेंबरला २३,२६३ चा तळ झाला आणि बाजार उलटला. परत सुरू करायची रेषा होती २४,५३७, म्हणजे ६ नोव्हेंबरच्या उसळीचा माथा. ६ डिसेंबरचा आठवडा २४,६७७ ला बंद झाला. मत ‘चालू’. म्हणजे २३,५३२ ला थांबलो आणि २४,६७७ च्या आसपास परत सुरू केलं. पुढचा एक आठवडा बरा गेला. त्यानंतरच्या आठवड्यात अमेरिकेच्या फेडने ‘पुढच्या वर्षी व्याजदर कपात कमी होईल’ असं सुचवलं आणि निफ्टी २४,७६८ वरून २३,५८७ ला आला, पाच दिवसांत जवळपास बाराशे पॉइंट. नवी खालची रेषा २३,२६३. ती १७ जानेवारीला तुटली, आठवडा २३,२०३ ला बंद झाला. परत ‘थांबा’.

हिशेब सरळ आहे. मधल्या सहा आठवड्यांत जे हप्ते गेले, ते बहुतेक सगळे १७ जानेवारीच्या भावाहून महाग गेले. बाजार एकाच दिशेने चालत असेल तेव्हा ही पद्धत चालते. तो एका पट्ट्यात वरखाली व्हायला लागला की ती नेमकी वर घ्यायला लावते आणि खाली थांबवते. रेषा जरा इकडेतिकडे केल्याने हे टळत नाही, कारण चूक रेषेच्या जागेत नसते. तळ आणि माथा हे घडून गेल्यावरच कळतात, आणि आपण आठवडा संपायची वाट बघतो, तेवढा उशीर पद्धतीच्या पोटातच आहे. ती फसायला लागली आहे हे ओळखायची माझी एक खूण आहे: लागोपाठ दोनदा मत बदललं आणि दोन्ही बदलांमध्ये दोन महिन्यांहून कमी अंतर असेल, तर पानाच्या माथ्यावर ‘पट्टा’ असा शब्द लिहायचा आणि पुढचे हप्ते, सुरू झाले तरी, अर्धेच ठेवायचे. ही खूण जानेवारीत ठरली, आणि हा शब्द तेव्हा पहिल्यांदा पानावर आला.

भाऊंचा वेगळाच आक्षेप होता आणि त्याला अजून माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ‘‘माल स्वस्त झाला की तू घेऊ नका म्हणतेस. माझ्या दुकानात पंखे असे विकत घेतले असते तर उठलंच असतं दुकान.’’ त्यांचा पैसा पंधरा वर्षं लागणार नाही, त्यांच्यापुरतं ते खरंच आहे. काकांना मात्र तीन वर्षांत मुलीच्या घरासाठी रक्कम हवी आहे. मार्चच्या सुरुवातीला निफ्टी २२,०८२ ला बंद झाला, उच्चांकापासून सुमारे सोळा टक्के खाली, तेव्हा त्यांची निम्म्याहून जास्त रक्कम लिक्विड फंडात बसून होती. हे पान मुळात काकांसारख्यांसाठी आहे. भाऊंनी फेब्रुवारीपासून ते वाचायचं, पण पाळायचं नाही, असं ठरवलं, आणि चहाला यायचं मात्र सोडलं नाही. ‘चाल्या करे,’ असं त्यांचं उत्तर.

एप्रिल २०२५. दुसऱ्या तारखेला अमेरिकेने आयातशुल्कांची यादी जाहीर केली आणि सोमवारी, ७ एप्रिलला निफ्टी २१,७४३ पर्यंत खाली गेला. मार्चचा तळ होता २१,९६४, तो दिवसात मोडला. बंद झाला २२,१६१ ला, म्हणजे त्या तळाच्या वर. बुधवारी रात्री अमेरिकेने बहुतेक देशांची शुल्कं नव्वद दिवस पुढे ढकलली, आणि शुक्रवारी आठवडा २२,८२८ ला बंद झाला, आदल्या आठवड्याच्या बंद भावाहून जेमतेम ७६ पॉइंट खाली. जून २०२४ पाहिलेल्या माणसांना यात नवीन काही नव्हतं. काकांचा या वेळी फोनही आला नाही.

मत तेव्हा ‘थांबा’ होतं आणि परत सुरू करायची रेषा २३,८६९, मार्चच्या उसळीचा माथा. पुढचा आठवडा सुट्ट्यांमुळे तीनच दिवसांचा. गुरुवारी, १७ एप्रिलला, निफ्टी झपाट्याने वर आला आणि बंद झाला २३,८५१ वर. रेषेपासून १८ पॉइंट खाली.

त्या रविवारइतकी गर्दी आमच्या दिवाणखान्यात क्वचितच झाली असेल. नानांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ धरलं. ‘‘अठरा? अगं, तेवीस हजारात अठरा म्हणजे किती टक्के?’’ ताईंनी तोंडी सांगितलं, ‘‘एक दशांश टक्कासुद्धा नाही. एक टक्क्याचा तेरावा भाग.’’ नाना म्हणाले, ‘‘मग? आपल्या एक्स्चेंजला एवढ्यावर कुणी भाव सुद्धा पुकारला नसता.’’ काका माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मनात काय होतं मला ठाऊक होतं: निकालाच्या मंगळवारी ६३ पॉइंटांनी वाचलो तेव्हा आकडा आपल्या बाजूने होता, म्हणून कुणी ‘त्रेसष्ट म्हणजे काय’ असं विचारलं नव्हतं.

पानावर ‘थांबा’ तसंच राहिलं. चौथ्या ओळीत तोच आकडा, २३,८६९. पाचव्या ओळीत या वेळी मी लिहिलं होतं: आकडा जवळ आला म्हणून बदलणार नाही.

त्या आठवड्यात मंगळवारी पहलगामचा हल्ला झाला. शुक्रवारी बाजार दोनशे पॉइंटांनी पडला, सीमेवर काय होईल याची कुणालाच कल्पना नव्हती, आणि घरोघरी टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. तरी त्या पडलेल्या शुक्रवारचा बंद भाव होता २४,०३९. रेषेच्या वर. बातम्या पाहून कुणीच हप्ता सुरू केला नसता, मीही नाही. नियमाप्रमाणे मत ‘चालू’ झालं, माथ्यावर ‘पट्टा’ हा शब्द होता म्हणून अर्ध्या रकमेने. जानेवारीत थांबलो तेव्हाच्या २३,२०३ पेक्षा ते ८३६ पॉइंट महाग होतं, आणि भाऊंनी मधल्या काळात २२,००० च्या आसपास घेतलेल्या युनिट्सचा हिशेब त्यांनी सगळ्यांदेखत, फोनची स्क्रीन फिरवून फिरवून दाखवला. काकांनी तो पूर्ण पाहिला, चांगलं केलंस म्हणाले, आणि सोमवारच्या अर्ध्या हप्त्याचा अर्ज भरायला ताईंकडून पेन मागून घेतलं.